एक गिझर आणि पाच आंघोळी : सकाळचे वेळापत्रक आणि पाण्याचे नियम
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी एक तक्रार फार नेमकी असते : पहिल्या दोघांना कढत पाणी मिळते, तिसऱ्याला कोमट आणि शेवटच्याला थंड. अशा वेळी गिझर तपासला, तर तो बहुधा ठणठणीत निघतो आणि चूक आंघोळीच्या क्रमात सापडते. म्हणून आपल्या घरच्या ग्रुपवर वेळापत्रक टाकण्यापूर्वी प्रत्येकाला किती मिनिटे द्यायची, हे माणसाच्या सवयीवरून न ठरवता गिझरच्या तापण्याच्या वेगावरून ठरवावे, अशी आमची विनंती आहे.

उदाहरणादाखल १५ लिटरची टाकी आणि २००० वॅटचे हीटिंग एलिमेंट असलेला गिझर घेऊ. नळाचे पाणी २० अंशांचे असेल आणि थर्मोस्टॅट ६० अंशांवर असेल, तर पूर्ण थंड टाकी तापायला सुमारे २१ मिनिटे लागतात. आंघोळीचे पाणी साधारण ४० अंशांचे लागते. म्हणजे २० लिटरच्या बादलीत १० लिटर गरम आणि १० लिटर थंड पाणी येते. या हिशेबाने १५ लिटरमध्ये दीड बादली मिळायला हवी. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, कारण गरम पाणी वरून बाहेर पडत असताना तेवढेच थंड पाणी खालून टाकीत शिरते आणि शेवटचे काही लिटर त्यात मिसळून कोमट होतात. एका वेळी एक बादली, हाच भरवशाचा हिशेब.

या एका बादलीसाठी टाकीत आलेले १० लिटर थंड पाणी पुन्हा ६० अंशांपर्यंत तापायला १४ मिनिटे लागतात. वेळापत्रक याच आकड्यावर उभे राहते. दोन बादल्या भरण्यामध्ये १५ मिनिटांचे अंतर ठेवले, तर पाचव्या माणसालाही पहिल्याइतकेच गरम पाणी मिळते. अंतर १२ मिनिटांवर आणले, तर प्रत्येक वेळी दोन मिनिटांची उष्णता कमी पडत जाते आणि पाचव्या माणसाची पाळी येईपर्यंत टाकी सुमारे १५ अंशांनी थंड झालेली असते. थंडीत नळाचे पाणी १५ अंशांवर आले, तर हेच अंतर १८ मिनिटे धरावे लागते. त्यामुळे हिवाळ्याचा संदेश वेगळा करावा.

शॉवरची बाब निराळी आहे. मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिल्यास ८० लिटर पाणी जाते आणि त्यातले ४० लिटर गरम लागते. १५ लिटरच्या गिझरला ते शक्यच नाही. तीन-चार मिनिटांत पाणी गार पडू लागते. आपला शॉवर किती पाणी सोडतो, हे त्याच्याखाली एक मिनिट बादली धरून मोजता येते.

आता एका घराचे उदाहरण पाहू. मुलाला पावणेसातला निघायचे आहे, बाबांना साडेसातला, मुलीला पावणेआठला. आई आणि आजी घरीच असतात. त्या घरच्या ग्रुपवर आईने टाकलेला संदेश असा असू शकतो :

"सर्वांसाठी सूचना. गिझर मी ५.३५ ला सुरू करीन. ६.०० चिरंजीव, ६.१५ बाबा, ६.३० ताई, ६.४५ मी, ७.०० आजी. ही वेळ बादली भरायला सुरुवात करण्याची आहे; आधीचा माणूस लवकर बाहेर आला, तरी पुढच्याने आपल्या वेळेपूर्वी गरम नळ सोडू नये. प्रत्येकाने एकच बादली घ्यावी. बाबांनी दाढीसाठी वाहता नळ न ठेवता मगभर पाणी घ्यावे. ७.०५ पर्यंत स्वयंपाकघरातला गरम नळ कोणीही उघडू नये आणि वॉशिंग मशीन लावू नये. आजींची बादली मी भरून देईन आणि ती भरायला घेतानाच गिझर बंद करीन. कोणाला लवकर निघायचे असेल, तर त्याने आदल्या रात्री इथेच कळवावे आणि दुसऱ्या कोणाशी पाळी बदलून घ्यावी."

यातल्या काही नियमांमागची कारणे समजली, तर ते पाळले जातात, असा आमचा अनुभव आहे. भांडी विसळताना स्वयंपाकघरात ३ लिटर गरम पाणी गेले, तर गिझरची सुमारे चार मिनिटांची कमाई संपते आणि बोल मात्र पुढे आंघोळीला जाणाऱ्याला लागतात. गिझरमधले गरम पाणी मागून येणाऱ्या थंड पाण्याच्या दाबामुळेच बाहेर ढकलले जाते. त्यामुळे त्याच वेळी मशीन पाणी ओढू लागली, तर गरम नळाची धारही मंदावते. शेवटची बादली भरायला घेतानाच गिझर बंद करण्याचे कारण असे, की तो चालू राहिला तर कोणालाही नको असलेले १० लिटर पाणी तापवण्यात जवळजवळ अर्धे युनिट वीज जाते.

पाणी वाचवण्याची सर्वात सोपी जागा नळाच्या पहिल्या धारेत आहे. अर्धा इंची पाइपमध्ये दर मीटरला साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी साठते. गिझर दहा मीटर दूर असेल, तर गरम पाणी येण्याआधी पावणेदोन लिटर थंड पाणी येते आणि बहुतेक घरांत ते मोरीत सोडले जाते. गरम नळ सुरुवातीपासूनच बादलीत सोडावा, म्हणजे हे पाणी त्या बादलीच्या थंड वाट्यात जमा होते. नंतर येणारी धार ६० अंशांची असते आणि तिने क्षणांत भाजते. म्हणून लहान मुले आणि वृद्ध यांची बादली मोठ्या माणसाने भरून, थंड पाणी मिसळून आणि हात घालून पाहूनच द्यावी.

हे सर्व पाळूनही पाणी कोमट येत असेल, तर आम्हाला बोलावण्यापूर्वी एक चाचणी करावी. रात्रभर बंद ठेवलेल्या गिझरमधले पाणी सकाळी गरम नळातून थंड धार येईपर्यंत बादल्यांत काढून घ्यावे, गिझर सुरू करावा आणि दिवा विझायला किती मिनिटे लागतात, ते पाहावे. दिवा वीस-पंचवीस मिनिटांत विझला आणि पाणी कढत आले, तर गिझर नीट आहे. तीस मिनिटांच्या आसपास लागत असतील, तर विजेच्या दाबावर संशय घ्यावा, कारण २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर एलिमेंटची ताकद तीन-चतुर्थांशावर येते. अशा घरात १५ मिनिटांचे अंतर २० मिनिटे करावे. दिवा दहा मिनिटांतच विझत असेल आणि पाणी मात्र कोमटच असेल, तर थर्मोस्टॅट बिघडलेला असतो किंवा एलिमेंटवर क्षारांचा थर बसलेला असतो. थर असल्यास तापताना टाकीतून तडतड असा आवाजही येतो. हे काम वेळापत्रक बदलून सुटत नाही. त्यासाठी आमच्या कारागिराला बोलवावे आणि मोजलेली मिनिटे फोनवरच सांगावीत, म्हणजे तो योग्य सुटा भाग बरोबर घेऊनच येईल.