टाकी आत्ता कुठल्या पायरीवर आहे?

साखरेचा पाक करणारी टाकी घ्या. पाणी-साखर भरायची, ८५ अंशांपर्यंत तापवायची, १० मिनिटं तेवढीच गरम ठेवायची, मग खालचा व्हॉल्व्ह उघडून रिकामी करायची. पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा संगणक, आणि लॅडर म्हणजे शिडीच्या पायऱ्यांसारख्या ओळींत लिहिलेला त्याचा प्रोग्रॅम. त्या लॅडरमध्ये हे तीन ओळींत होईल असं वाटतं: ८५ च्या खाली असेल तर वाफ चालू, ८५ झाले की टायमर सुरू, टायमर भरला की खालचा व्हॉल्व्ह उघडा.

पहिल्याच बॅचला गंमत होते. टाकी अर्धी रिकामी झाली की तापमानाचा सेन्सर उघडा पडतो आणि आकडा ८५ च्या खाली येतो. टायमर शून्यावर जातो, व्हॉल्व्ह मिटतो आणि अर्ध्या टाकीखाली पुन्हा वाफ सुरू होते! पीएलसीचं काही चुकलेलं नसतं. तो दर काही मिलिसेकंदांनी सगळ्या ओळी वरून खाली वाचतो, आणि कुठल्याच ओळीला आपण प्रक्रियेत कुठवर आलोय हे माहीत नसतं.

म्हणून लॅडरवाले प्रत्येक पायरीसाठी एक बिट राखतात. S0 ही सुरुवातीची पायरी, S20 तापवण्याची, S30 गरम ठेवण्याची; T1.Q म्हणजे टायमर भरला, आणि तिरपी रेघ म्हणजे ‘नसेल तर’. रिकामं करण्याची पायरी S40 अशी दिसते:

```
|--+--[ S30 ]--[ T1.Q ]--+--[/S0 ]--( S40 )
   +--[ S40 ]------------+
```

हे चालतं, नीट चालतं. पण ढवळणी S20 आणि S30 अशा दोन्ही पायऱ्यांत हवी असेल, तर तिची एकच ओळ लिहून त्यात दोन्ही बिट घ्यावे लागतात. दोन ठिकाणी लिहिली तर खालची ओळ वरचीला खोडून टाकते. पायऱ्या वाढल्या की हा हिशोब माणसालाच ठेवावा लागतो.

सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट, म्हणजे एसएफसी, हाच हिशोब स्वतः ठेवतो. फ्रान्समध्ये १९७७ साली मांडलेल्या ग्राफसेटपासून तो आला, आणि पुढे आयईसी ६११३१-३ या मानकात बसला. पायरी म्हणजे चौकोन, दोन चौकोनांमधल्या आडव्या रेघेवर पुढे जायची अट. महत्त्वाचं हे, की वरचा चौकोन चालू असेल तेव्हाच ती अट तपासली जाते. आपल्या टाकीत ‘रिकामी करा’ चालू असताना ‘८५ झाले का?’ हे कुणी विचारतच नाही, मग सेन्सर काहीही दाखवो. बॅच अडली तर पडद्यावर पेटलेला चौकोन पाहायचा. त्याखालची जी अट खोटी आहे, तिथेच बिघाड. लॅडरमध्ये हेच शोधताना पानं उलटावी लागतात.

पण एसएफसीचा एक सापळा आहे. पायरीतल्या प्रत्येक कामाला ते कधीपर्यंत चालायचं हे सांगणारं एक अक्षर द्यावं लागतं. ढवळणीला `N` दिलं तर पायरी संपताच ती थांबते. `S` दिलं तर कुणीतरी `R` देईपर्यंत फिरत राहते. ऑपरेटरने मध्येच बॅच रद्द केली आणि चार्टने `R` ची पायरी टाळून थेट पहिल्या चौकोनात उडी मारली, तर रिकाम्या टाकीत ढवळणी फिरत राहील. मी तरी `S` जपूनच वापरीन. आणि ‘पातळी कमी असेल तर वाफ बंद’ सारखे इंटरलॉक चार्टबाहेर, लॅडरमध्येच ठेवलेले बरे. ते कुठल्याही पायरीवर लागू हवेत, आणि त्या कामाला प्रत्येक स्कॅनला सगळं वाचणारं लॅडरच योग्य.