मासिक पाळीतील रक्ताच्या गाठी

पाळीच्या रक्ताबरोबर बाहेर पडणारे, गोठलेल्या रक्ताचे मऊ, बुळबुळीत गोळे. बोलीत त्यांना गाठी किंवा गुठळ्या म्हणतात. दवाखान्यात बाई सहसा ‘अंगावरून फार जातंय, गाठी पडतायत’ असं एका दमात सांगते. या दोन तक्रारी तिनं एकत्र सांगणं शास्त्रालाही धरून आहे, कारण गाठ रक्तस्रावाच्या वेगाशी बांधलेली असते. मात्र गाठ दिसली म्हणजे आजार आहेच, असं नाही. पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत वाटाण्याएवढ्या, फार तर चिंचोक्याएवढ्या काही गाठी पडणं निरोगी बाईतही नेहमीचं आहे.

बोट कापलं तर रक्त काही मिनिटांत गोठतं. पाळीचं रक्त मात्र बहुतेक वेळ पातळच वाहतं. त्याचं कारण गर्भाशयाच्या अस्तरात आहे. पाळी सुरू होताना अस्तर सुटतं, त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि त्यांतून आलेलं रक्त इतर कोणत्याही रक्तासारखंच गर्भाशयात गोठू लागतं. पण हेच अस्तर प्लाझमिन तयार करवणारे पदार्थही सोडत असतं. रक्ताला बांधून ठेवणारे फायब्रिनचे धागे प्लाझमिन तोडतं आणि गोठलेलं रक्त पुन्हा पातळ होऊन बाहेर येतं. म्हणजे पॅडवर दिसतं ते बरंचसं एकदा गोठून विरघळलेलं रक्त असतं. त्यात अस्तराचे तुकडे आणि स्रावही मिसळलेले असतात. निव्वळ रक्त साधारण निम्मंच.

हे विरघळवण्याचं काम ठरावीक गतीनं चालतं. रक्त त्याहून भरभर येऊ लागलं की सगळं विरघळायला वेळ मिळत नाही आणि उरलेलं गाठीच्या रूपात पडतं. म्हणूनच गाठी बहुधा दुसऱ्या दिवशी, पाळीचा जोर असताना दिसतात. सकाळी उठल्या उठल्या पडणाऱ्या गाठीचं कारण आणखी साधं आहे. रात्रभर आडवं असताना रक्त योनीमार्गात साचून राहतं, घट्ट होतं आणि उभं राहताच एकदम खाली येतं. अशी एखादी गाठ पडून दिवसभर स्राव बेताचा राहत असेल, तर काळजीचं कारण नाही. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या मुलींना कप रिकामा करताना तळाशी जेलीसारखा थर दिसतो, तोही असाच साचून राहिलेल्या रक्ताचा असतो.

गाठी पडतात म्हणजे ‘रक्त घट्ट झालंय’, ही समजूत घरोघरी आहे, आणि तिच्यापायी रक्त पातळ करण्याचे उपाय शोधले जातात. हा समज उलटा आहे, आणि घातकही. ज्यांचं रक्त नीट गोठत नाही त्यांनाही मोठ्या गाठी पडतात, कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांची तोंडं लवकर बंद होत नाहीत आणि रक्त वेगानं येत राहतं. हृदयविकारासाठी किंवा इतर कारणानं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या बायकांची पाळी याच कारणानं जड जाते.

गाठ केवढी झाली की दखल घ्यायची, याचं सर्वमान्य माप सुमारे अडीच सेंटिमीटर आहे. भारतात दहा रुपयांचं नाणं ही सोपी खूण. त्याचा व्यास 27 मिलिमीटर आहे. त्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पाळीमागून पाळी पडत असतील, तर स्राव अति असण्याची शक्यता बरीच वाढते. एखाद्या पाळीत एकच मोठी गाठ पडली तर पुढच्या एक-दोन पाळ्यांकडे लक्ष ठेवणं पुरतं. नेहमीच्या पाळीत एकूण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं आणि 80 मिलिलिटरच्या वर ते अति मानतात. आजकाल डॉक्टर मिलिलिटरवर अडून बसत नाहीत. पाळीमुळे काम, झोप, प्रवास अडत असेल, तर तेवढंही उपचारासाठी पुरेसं धरलं जातं, आणि ते योग्यच आहे.

तरीही मोजायचं असेल तर एक सोपी पद्धत आहे. ती 1990 मध्ये ब्रिटनमध्ये मांडली गेली. जरासा डागाळलेला पॅड 1 गुण, मध्यम भिजलेला 5, पूर्ण भिजलेला 20. लहान गाठ 1 गुण आणि मोठी गाठ 5. पूर्ण पाळीची बेरीज 100 च्या वर गेली तर स्राव अति समजायचा. समजा, एका बाईला पहिल्या दिवशी दोन मध्यम पॅड लागले, दुसऱ्या दिवशी एक पूर्ण आणि तीन मध्यम पॅड व दोन लहान गाठी, तिसऱ्या दिवशी तीन मध्यम आणि एक लहान गाठ, चौथ्या दिवशी दोन डागाळलेले. बेरीज 10, 37, 16 आणि 2, म्हणजे 65. तिला तीन गाठी पडल्या, पण पाळी नेहमीच्या मर्यादेत आहे. दुसरीचे पहिल्या दिवशी दोन मध्यम आणि एक डागाळलेला, दुसऱ्या दिवशी पाच पूर्ण भिजलेले पॅड, दोन मोठ्या व तीन लहान गाठी. तिसऱ्या दिवशी तीन पूर्ण, दोन मध्यम आणि एक लहान गाठ. चौथ्या दिवशी तीन मध्यम, पाचव्या दिवशी दोन डागाळलेले. बेरीज 11, 113, 71, 15 आणि 2, म्हणजे 212. हिला तपासणी हवीच.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात येते. दुसरीच्या 212 मध्ये गाठींचे गुण फक्त 14 आहेत, बाकी सगळे पॅडचे. गाठ नजरेत भरते आणि घाबरवते, पण एकूण किती रक्त गेलं हे पॅडच जास्त खरं सांगतात. या पद्धतीला मर्यादाही आहे: कंपनीगणिक पॅडची शोषून घेण्याची ताकद वेगळी असते, जेल असलेला पॅड बरंच रक्त पोटात घेऊनही कोरडा दिसतो, आणि घडी घालून वापरलेल्या सुती कापडाला तर हे गुण लागूच पडत नाहीत. तिथे साधे प्रश्न जास्त उपयोगी ठरतात. जोराच्या दिवशी तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो का? रात्री बदलायला उठावं लागतं का? एकावर एक दोन पॅड लावावे लागतात का? पाळी सात दिवसांच्या वर चालते का?

शरीर हे नुकसान कसं सोसतं, ते लोहाच्या हिशेबानं कळतं. एक मिलिलिटर निरोगी रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीला 200 मिलिलिटर रक्त गेलं तर महिन्याला 100 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला तीन मिलिग्रॅमच्या वर लोह जातं. रोजच्या जेवणातून आतड्यात शोषलं जाणारं लोह दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच असतं. आधी साठा संपतो, मग हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून हिमोग्लोबिन 12 च्या वर असतानाही लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. अशा बाईला जिना चढताना धाप लागते, केस गळतात, कधी माती किंवा खडू खावासा वाटतो, आणि रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’ म्हणून परत मिळतो. गाठी पडणाऱ्या बाईचं फेरिटिन तपासायला सांगितलंच पाहिजे.

कारणं वयानुसार बदलतात. तिशी-चाळिशीत फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातले मांसल गोळे, विशेषतः पोकळीत डोकावणारे, आणि गर्भाशयाच्या स्नायूत अस्तर शिरणं ही नेहमीची कारणं. अस्तर असं स्नायूत शिरलं की पाळीत खूप दुखतं आणि गर्भाशय मोठं झालेलं असतं. अस्तराला लोंबणारा कोंब म्हणजे पॉलिप, थायरॉइडचा बिघाड, कॉपर-टी हीही कारणं असतात. चाळिशीनंतर बीज न सुटणाऱ्या पाळ्या वाढतात. अस्तर महिनोन्‌महिने जाड होत राहतं आणि मग एकदम गाठींसह सुटतं. या वयात अस्तराच्या कर्करोगाची शंकाही दूर करावी लागते, म्हणून साधारण 45 नंतर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. लठ्ठपणा किंवा वर्षानुवर्षांची अनियमित पाळी असेल तर त्याआधीही.

मुलींचं वेगळं आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बीज नियमित सुटत नाही, त्यामुळे पाळी अधूनमधून जड जाते. पण पहिल्या पाळीपासूनच पॅडवर पॅड भिजत असतील, घोळणा वारंवार फुटत असेल, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला असेल किंवा घरात आई-मावशीचंही असंच असेल, तर रक्त गोठण्याचा दोष तपासायलाच हवा. यातला सर्वांत नेहमीचा दोष व्हॉन विलेब्रांड या फिनिश डॉक्टरांच्या नावानं ओळखला जातो. त्यांनी 1926 मध्ये तो ज्या कुटुंबात नोंदवला, त्यातली एक मुलगी तेराव्या वर्षी चौथ्या पाळीत रक्तस्रावानं गेली. म्हणून ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं’ हे वाक्य दिलासा नसून माहिती आहे, आणि ती डॉक्टरांना द्यायची असते.

दिवस चुकल्यानंतर गाठी पडल्या तर सर्वांत आधी गर्भाची शक्यता पाहायची, नसबंदी झालेली असली तरीही. रक्ताची गाठ बोटांनी दाबली की फुटते आणि पाण्यात विरघळत जाते. गर्भाचा किंवा अस्तराचा तुकडा करडा-पांढुरका, चिवट असतो आणि तसाच राहतो. असा तुकडा पडला तर स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात न्यावा. पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, गाठ असो वा नसो, तपासणी टाळू नये. आणि तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय, असं दोन-तीन तास चाललंय, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठावा.

उपचारांत ट्रानेक्सामिक आम्ल हे औषध प्रथम येतं. ते रक्तातली गाठ विरघळू देत नाही. आधीच गाठी पडत असताना असं औषध का, हा प्रश्न बायका विचारतात आणि तो रास्त आहे. पडणाऱ्या गाठी या बाहेर सांडलेल्या रक्ताच्या असतात. औषध टिकवून धरतं ती रक्तवाहिनीच्या तोंडावरची बारीक गाठ. ते बूच टिकलं की मागचा वेग कमी होतो आणि खालच्या गाठीही घटतात. हे औषध फक्त जोराच्या चार-पाच दिवसांत घ्यायचं असतं, आणि पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेल्यांना देत नाहीत. मेफेनॅमिक आम्लानं स्राव आणि दुखणं दोन्ही काहीसं कमी होतं. संप्रेरकं सोडणारी गर्भाशयातली कॉइल सर्वांत परिणामकारक आहे, पण पहिले तीन ते सहा महिने थोडंथोडं डाग पडणं चालू राहतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर बाई ती काढून टाकायला येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं ऑर्मेलॉक्सिफेन, जे कुटुंब नियोजनात ‘छाया’ नावानं मिळतं, तेही भारतात या त्रासासाठी वापरतात.

महाराष्ट्रात हे सगळं सोडून थेट ‘पिशवी काढण्या’वर येणं फार झालं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची 2019 मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा सुमारे 82 हजारांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. फायब्रॉइड फार मोठे असतील, औषधं आणि कॉइल दोन्ही निरुपयोगी ठरली असतील किंवा कर्करोग असेल, तर शस्त्रक्रिया योग्यच. पण तिशीतल्या बाईला गाठी पडतात एवढ्यावरून, सोनोग्राफी आणि औषधांचे दोन-तीन महिने न देता गर्भाशय काढणं हा उपचार नव्हे. स्राव आटोक्यात आल्यावर लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन सुधारताच थांबवायच्या नसतात. साठा भरायला त्यानंतर आणखी तीन महिने लागतात.