टास्करद्वारे व्हॉट्सॲप संदेशाचे वेळनियोजन

अँड्रॉइडवरील टास्कर हे स्वयंचलन ॲप वापरून ठरलेल्या वेळी व्हॉट्सॲप संदेश पाठवण्याची पद्धत. व्हॉट्सॲप टास्करला संदेश पाठवण्याची थेट वाट देत नाही, म्हणून काम दोन टप्प्यांत होते. ठरलेली वेळ होताच कृती सुरू करणारा टास्करमधील वेळेचा प्रोफाइल आधी पुढील दुवा उघडतो:

```
https://wa.me/<number>?text=Namaskar
```

क्रमांक देशाच्या कोडसह, पण `+` किंवा आरंभीच्या शून्यांशिवाय लिहितात. गप्पा उघडतात, मजकूर चौकटीत भरलेला दिसतो आणि तिथेच थांबतो. संदेश पाठवण्याचा बाण दाबण्यासाठी ऑटोइनपुट हा टास्करचा प्लगइन लागतो. तो अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेमार्फत पडद्यावरील `com.whatsapp:id/send` हा घटक शोधून दाबतो.

या तंत्राचा उगम नेमका कुठे धरायचा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवा अँड्रॉइड १.६ (२००९) पासून आहे, पण ती मुख्यतः पडदा वाचून दाखवण्याजोगी माहिती पुरवत असे. दुसऱ्या ॲपमधील बटण दाबण्याची सोय ४.१ (२०१२) मध्ये आली आणि कुठल्याही बिंदूवर बोट टेकवल्यासारखी हालचाल करण्याची ७.० (२०१६) मध्ये. स्वयंचलनाच्या दृष्टीने २०१२ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. घटक नावाने शोधावा की पडद्यावरील जागेने, याबाबतही दोन पंथ आहेत. नावाची बाजू वरचढ आहे, कारण कीबोर्ड उघडताच बाणाची जागा सरकते. मात्र ॲपच्या नव्या आवृत्तीत नाव बदलले, तर हाही उपाय निकामी होतो.

मुख्य मर्यादा कुलुपाची. समजा, प्रोफाइल सकाळी ६ चा आहे आणि फोन पिन लावून उशाशी पडला आहे. प्रोफाइल वेळेवर जागा होतो, पण समोर कुलपाचा पडदा असतो आणि व्हॉट्सॲप त्यामागे राहते. ऑटोइनपुटला बाण सापडत नाही, ठरलेली मुदत संपते आणि कृती चुकीसह थांबते. संदेश गेलेला नसतो. ८ वाजता कुलूप उघडावे, तर मजकूर चौकटीत तसाच. पिन टाकण्याचे काम सेवेवर सोपवणे म्हणजे कुलूपच काढून ठेवणे. त्यापेक्षा त्या वेळी फोन उघडा ठेवणे किंवा टास्करकडून नुसती आठवण घेऊन बाण स्वतः दाबणे बरे.

त्या कृतीवर `Continue Task After Error` निवडले असेल, तर फसलेल्या दाबणीनंतरही कार्य पुढे चालते आणि शेवटी ‘पाठवले’ अशी सूचना लावलेली असल्यास तीही झळकते. म्हणून सूचनेआधी चुकीची नोंद ठेवणारा `%err` हा चल तपासतात. कार्य निर्विघ्न संपले, एवढ्यावरून संदेश गेला असे ठरत नाही. खरा पुरावा गप्पांमधील बरोबरची खूण. घड्याळाचे चिन्ह दिसत असेल, तर बाण दाबला गेला आहे, अडचण नेटची आहे.

अँड्रॉइड १० पासून (२०१९) मागे चालणाऱ्या ॲपला दुसरे ॲप समोर आणण्यावर बंधने आहेत, त्यामुळे टास्करला इतर ॲपवर दिसण्याची परवानगी द्यावी लागते.