डाळ न शिजणे

डाळ किंवा कडधान्य पुरेसा वेळ उकळूनही मऊ न होणे, दाणा बोटात दाबल्यावर मध्ये कणी लागणे, किंवा घोटूनही वरण एकजीव न होता पाणी वर आणि डाळ खाली राहणे, याला डाळ न शिजणे म्हणतात. याची मुख्य कारणे चार आहेत: पाण्यातला जडपणा, लवकर पडलेला आंबट पदार्थ, जुनी डाळ आणि पाणी न शोषणारे गणंग दाणे. मिठाचे नाव बहुतेक घरांत याच यादीत घेतात, पण तो दोष मिठाला लागू होत नाही. इंदूरसारख्या ठिकाणी, जिथे एकाच घरात नळाला नर्मदेचे, टाकीत बोअरचे आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते, तिथे पहिले कारण सर्वांत आधी तपासावे.

शिजताना काय होते

तुरीच्या डाळीचा दाणा म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या हजारो पेशी. पेशीच्या आत स्टार्च आणि प्रथिने असतात. दोन पेशींच्या मध्ये पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. विटांमधल्या चुन्याचे जे काम, तेच त्याचे. डाळ शिजते तेव्हा दोन गोष्टी घडाव्या लागतात: आतला स्टार्च पाणी पिऊन फुगला पाहिजे आणि मधले पेक्टिन विरघळून पेशी सुट्या झाल्या पाहिजेत. स्टार्च फुगायला पाणी आणि उष्णता एवढे पुरते, आणि न शिजलेल्या डाळीतही ते बहुधा फुगलेले असते. अडते ते पेक्टिनपाशी. म्हणून दाणा फुगलेला, टपोरा दिसतो, पण रवी फिरवली तरी मोडत नाही.

पेक्टिनच्या साखळ्यांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जोडून धरतात. हे जोड जितके जास्त, तितके पेक्टिन विरघळायला कठीण. शिवाय पेक्टिनच्या साखळ्या गरम पाण्यात तुटतात त्या पाणी किंचित अल्कधर्मी असताना वेगाने, आणि आंबट असताना फार हळू. पाणी, मीठ, चिंच आणि सोडा डाळीवर जे काही करतात, ते सारे या दोन गोष्टींतून समजते.

जड पाणी

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पाण्याचा जडपणा म्हणतात. तो एका लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट या हिशेबात सांगतात. भारतीय मानक आय. एस. 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात 200 पर्यंत जडपणा चांगला आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही डाळीसाठी भलतेच जड असू शकते.

माळव्याची जमीन काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. बोअरचे पाणी या खडकातून मुरून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. इंदूरला 1978 पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचे पाणी येते. ते नदीचे असल्याने बोअरच्या मानाने मऊ असते. त्यामुळे चैत्रापर्यंत नीट शिजणारी तीच डाळ, त्याच कुकरमध्ये, वैशाखात टँकर सुरू झाल्यावर कणीदार राहिली, तर दोष दुकानदारावर टाकण्याआधी पाण्याकडे पाहावे.

हिशेब करून पाहू. 150 ग्रॅम तूरडाळ 600 मिलिलिटर पाण्यात शिजवायची आहे आणि पाण्याचा जडपणा 450 आहे असे धरू. तेवढ्या पाण्यात 270 मिलिग्रॅम जडपणा आला. तो सगळा कॅल्शियमचा मानला, तर निव्वळ कॅल्शियम सुमारे 108 मिलिग्रॅम होते. डाळीत मुळात जेवढे कॅल्शियम असते, जवळपास तेवढेच पुन्हा पाण्यातून पातेल्यात पडले. तुरीच्या डाळीला साल नसल्याने पाणी चटकन आत शिरते, आणि त्याबरोबर कॅल्शियमही. म्हणूनच जड पाण्याचा परिणाम साल काढलेल्या डाळीतही लपत नाही.

घरी ओळखायची खूण साबणाची. एका बाटलीत अंगाच्या साबणाचा कीस आणि पाणी घालून जोरात हलवावे. मऊ पाण्याला उभा फेस येतो. जड पाण्याला फेस कमी आणि पांढरट साका जास्त येतो. चहाच्या पातेल्याला आणि गिझरला आतून चुनखडीसारखा थर बसत असेल तर वेगळी परीक्षा नकोच. टीडीएस मीटरवर मात्र भरवसा ठेवू नये. ते विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजते, त्यांत सोडियमही असते, आणि सोडियम डाळीला बाधत नाही.

उपाय सोपा आहे, पण बऱ्याच घरांत तो होत नाही: आर. ओ.चे पाणी पिण्यासाठी ठेवतात आणि डाळ नळाच्या किंवा टाकीच्या पाण्यात लावतात. धुणे कुठल्याही पाण्यात चालेल. भिजवणे आणि शिजवणे मऊ पाण्यात करावे. आर. ओ. नसेल तर पाणी आधी दहा मिनिटे खळखळ उकळून झाकून ठेवावे आणि गार झाल्यावर तळ न हलवता वरचे घ्यावे. जडपणाचा जो भाग बायकार्बोनेटमुळे असतो तो उकळल्यावर पांढरा साका होऊन खाली बसतो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा उकळून जात नाही. असे उकळून निवळलेल्या पाण्यातही डाळ कणीदार राहिली तर हा दुसरा प्रकार असू शकतो, आणि तिथे आर. ओ. किंवा पावसाचे स्वच्छ पाणीच लागते.

कुकरच्या शिट्ट्या वाढवून काही अंशी काम होते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. उघड्या पातेल्यात पाणी तिथे 98 अंशांच्या आसपास उकळते, आणि कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जाते. त्या उष्णतेत पेक्टिन लवकर तुटते. पण फार जड पाण्यात दहा शिट्ट्यांनंतर काही दाणे पीठ होतात आणि काही तसेच राहतात, आणि त्या वरणाला धड चव नसते.

मीठ

मीठ आधी घातले की डाळ शिजत नाही, ही समजूत घरोघरी आहे. साधे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यातले सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेते आणि जोड सैल करते, म्हणजे मीठ डाळ शिजायला मदतच करते. हे सर्वांत स्पष्ट दिसते ते भिजवण्यात. हरभरे, राजमा किंवा काबुली चणे लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे मीठ घालून दहा-बारा तास भिजवावेत, ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात शिजवावेत. साल न फाटता दाणा आतपर्यंत मऊ होतो आणि वेळही कमी लागतो.

समजुतीमागे थोडे तथ्य आहे. न भिजवलेला दाणा थेट खारट पाण्यात टाकला तर सुरुवातीला तो पाणी जरा सावकाश पितो. शिवाय अशुद्ध जाड्या मिठात थोडे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. पण तुरीच्या वरणात अर्धा चमचा मीठ आधी पडले की नंतर, याने शिजण्यात जाणवेल असा फरक पडत नाही.

आंबट आणि गूळ

खरा अडथळा आंबटाचा. चिंच, आमसूल, कैरी, टोमॅटो, लिंबू, ताक, यांतले काहीही कच्च्या डाळीबरोबर पडले की पेक्टिन तुटणे मंदावते. आमटीच्या पद्धतीत चिंच-गूळ डाळ घोटून झाल्यावर पडतात ते याचसाठी. गुळाचाही यात वाटा आहे: त्यात कॅल्शियम असते आणि साखरेमुळे दाण्याचे मऊ होणे लांबते. वेळ वाचवायला कुकरमध्ये डाळीबरोबर टोमॅटो चिरून टाकण्याची सवय आता फार आहे. मऊ पाणी आणि नवी डाळ असेल तर ती खपून जाते. पाणी जड असेल तर हीच एक गोष्ट डाळ बिघडवायला पुरते.

डाळ मऊ व्हायच्या आधी चिंच पडलीच, तर नुसते उकळत राहून उपयोग नाही. आंबट पाणी गाळून बाजूला ठेवावे, डाळ एकदा धुवावी, मऊ पाण्यात पुन्हा कुकरला लावावी आणि शिजल्यावर ते पाणी परत घालावे.

खायचा सोडा

सोडा पाणी अल्कधर्मी करतो आणि त्यातले काही कॅल्शियम साका करून काढतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मदत होते. 600 मिलिलिटर पाण्याला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, साधारण अर्धा ग्रॅम, ही मर्यादा मानावी. त्यापुढे डाळ बुळबुळीत होते, साबणासारखी चव येते, आणि ब-1 जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. हळद घातली असेल तर खूण डोळ्यांसमोर असते: वरण पिवळे न दिसता तांबूस दिसले की सोडा जास्त झाला. पाणी बदलता येत असेल तर सोड्याच्या वाटेला जाऊ नये.

जुनी डाळ आणि गणंग

उन्हाळ्यात वर्षाची डाळ भरून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली की उष्णता आणि पुढे पावसाळ्याची दमट हवा मिळून दाण्यात बदल होतो. दाण्यातल्या फायटिक आम्लाने धरून ठेवलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम हळूहळू सुटते आणि पेक्टिनला जाऊन चिकटते. म्हणजे जड पाणी जे बाहेरून करते तेच इथे आतून होते, आणि ते उलटवता येत नाही. दोन्हींतला फरक ओळखायला एक वाटी डाळ दोन भांड्यांत विभागावी. एकात आर. ओ.चे पाणी, दुसऱ्यात नेहमीचे घालून दोन्ही अर्धा तास भिजवून एकाच कुकरमध्ये लावावीत. आर. ओ.ची शिजली आणि दुसरी नाही, तर पाणी दोषी. दोन्ही कणीदार राहिल्या, तर डाळ जुनी. अशा डाळीला चिमूटभर सोडा आणि जास्त वेळ द्यावा, किंवा ती भाजून दळून पिठल्यासारख्या पदार्थांत वापरावी.

गणंग दाण्यांचे कारण निराळे. मूग, मटकी, हरभऱ्यात काहींची साल पाणीच आत जाऊ देत नाही. रात्रभर भिजवूनही ते मूळ आकाराचे, चकचकीत राहतात, आणि ताटात पसरले की खड्यासारखे टिकटिक वाजतात. शिजवून ते मऊ होत नाहीत आणि त्यांना मोडही येत नाहीत. मोड बांधण्याआधी निवडून काढावेत, नाहीतर उसळीत दाताखाली येतात.

दाणा मऊ होणे मंद करण्याचा आंबटाचा गुण हवा तेव्हा उपयोगीही पडतो. मटकी बोटचेपी झाली की लगेच आमसूल घातले तर पुढे पाच-सात मिनिटे उकळली तरी दाणा फुटत नाही, आणि रस्सा आळेपर्यंत उसळ दाणेदार राहते.