निवृत्तीच्या तोंडावरची वसुली: हमीपत्रावर सही करण्याआधी

निवृत्तीला चार-सहा महिने उरले की सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं आणि आक्षेप लागून परत येतं: वेतननिश्चिती चुकली, अतिप्रदान म्हणजे जादा दिलेलं वेतन वसूल करा.

समजा, परभणी जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शिक्षकाला 2012 पासून एक वेतनवाढ चुकून जादा मिळाली. निवृत्ती 31 मे 2025 ला, आणि जानेवारी 2025 मध्ये वसुलीचा आदेश. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 च्या रफीक मसीह निकालात अशी वसुली कुठे करू नये ते सांगितलंय. गट क आणि ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा आदेशापासून वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ जादा वेतन मिळालेले, वरच्या पदाचं काम करून त्याचा पगार घेतलेले, आणि जिथे वसुली उघडच अन्यायाची होईल असे. आपल्या गुरुजींना पहिले तीनही मुद्दे लागू पडतात. मात्र चूक कार्यालयाचीच हवी. खोटा दाखला दिला असेल तर हे संरक्षण विसरा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते हमीपत्रावर. 2016 च्या जगदेव सिंग निकालात, सुधारित वेतनश्रेणी घेतानाच ‘जादा आल्यास परत करीन’ असं लिहून दिल्यामुळे वसुली कायम राहिली. पण ते प्रकरण न्यायिक अधिकाऱ्याचं होतं, गट क चं नव्हे. खुलाशात हा फरक ठळक मांडा. आणि आता निवृत्तीच्या वेळी बाबू ‘सही करा, नाहीतर पेन्शन केस पुढे जाणार नाही’ म्हणत नवा कागद पुढे सरकवतो, त्यावर घाईने सही करू नका. पगार घेताना दिलेलं हमीपत्र वेगळं आणि हे वेगळं. जुनं हमीपत्र खरंच आहे का, ते सेवापुस्तकात पाहा. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात सेवापुस्तकाची प्रत मागा.

आणखी एक गैरसमज. वसुली थांबली म्हणजे चुकीचं वेतन कायम राहिलं असं नाही. वेतन दुरुस्त करून पेन्शन त्या वेतनावर बसवायला कार्यालय मोकळं आहे.

नोटीस आली की लेखी खुलासा द्या, पोच घ्या. सोबत आदेश, पथकाचा आक्षेप, वेतननिश्चितीचा तक्ता आणि सेवापुस्तकाची पानं जोडा. नोटीसच न देता कपात सुरू झाली असेल, तर तोही मुद्दा लिहा. निवृत्तीनंतर पेन्शनमधून वसुली करायची तर 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला 134-अ आधी म्हणणं मांडायची संधी द्यायला सांगतो.

दाद कुठे मागायची इथे पुष्कळ जण चुकतात. राज्य शासनाचा कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे ‘मॅट’च्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जातो, जिल्हा परिषदेचा कर्मचारी तिथे नव्हे, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात. मॅटची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष, आणि साहेबांना अर्जामागून अर्ज दिल्याने ती वाढत नाही.