थांबलेलं दुःख आणि ‘कुणाशी बोलून बघशील का?’

दुःखाचे पाच टप्पे असतात, असं आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की तो निसर्गनियमच वाटू लागतो. आधी नकार, मग राग, मग घासाघीस, मग नैराश्य आणि शेवटी स्वीकार. ही मांडणी एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये केली. तिच्यामागे होत्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखती. मागे राहिलेल्या माणसांवर ती नंतर लादली गेली, आणि त्यातून एक घातक अपेक्षा तयार झाली: काही महिन्यांनी माणूस ‘शेवटच्या टप्प्यावर’ पोहोचायलाच हवा. तो पोहोचला नाही की मित्रमंडळी अस्वस्थ होतात आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, “अगं, आता तू कुणालातरी दाखवायला हवंस.” हेतू चांगला असतो, पण वाक्य जिव्हारी लागतं.

समजा, तुमच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ अपघातात गेला. चौदा महिने झाले. ती कामावर जाते, पण भाऊ जिथे गेला तो रस्ता टाळते आणि त्यासाठी रोज लांबचा वळसा घेते. त्याचे फोटो उलटे ठेवलेत. त्याच्या नंबरवरचा शेवटचा मेसेज तिने उघडलेला नाही. दोघांच्या सामायिक मित्रांना भेटणं तिने सोडलं आहे. आणि तरीही दिवसातले कितीतरी तास ती त्याच्याच विचारात असते: ‘मी त्या दिवशी फोन केला असता तर?’

बहुतेकांचं दुःख इतक्या काळात संपत नाही, पण त्याची धार बोथट होते. दहातल्या साधारण एकाचं तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात याला ‘दीर्घकालीन शोकविकार’ असं स्वतंत्र स्थान आहे. तिथे किमान सहा महिन्यांची अट आहे, तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2022 च्या निकषांत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. पण नुसते महिने मोजून काही ठरत नाही. गेलेल्या माणसाची ओढ जवळजवळ रोजची आणि तितकीच तीव्र आहे का, त्यामुळे जगणं अडलं आहे का आणि त्या समाजातल्या शोकाच्या रीतीभातींच्या मानाने हे खूपच जास्त आहे का, हे पाहावं लागतं. वर्षभरानंतर एखाद्या दिवशी कोसळून रडणं यात बसत नाही.

मला सगळ्यात लक्षवेधी वाटतं ते दुःख अडकतं कसं, हे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलं की सावरणारा माणूस दोन दिशांमध्ये हेलकावत असतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, तर कधी त्या सगळ्याकडे पाठ फिरवून बिलं भरतो, नवं काही शिकतो, हसतोसुद्धा. दोन्ही गोष्टी लागतात. आठवणीत बुडाल्यावर मन हळूहळू शिकतं की तो माणूस आता येणार नाही. बाहेर आल्यावर शिकतं की त्याच्याशिवायही दिवस जातो.

आपल्या मैत्रिणीच्या बाबतीत हा झोका अडकला आहे, आणि त्यामागे मनाचं एक साधं शिकणं आहे. तो रस्ता समोर आला की छातीत धस्स होतं. तिने वळण घेतलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं. ही सुटका मेंदूसाठी बक्षीसच असते. पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं, आणि ‘तो रस्ता मला झेपणार नाही’ हा समज कधीच तपासला जात नाही. मृत्यूची आठवण अशी पहिल्या दिवसाइतकीच ताजी राहते. दुसरीकडे ‘मी फोन केला असता तर’ हा विचार वरवर शोक वाटतो, पण तोही एक बचाव असतो. भाऊ वाचला असता असा शेवट शोधण्यात मन गुंतून राहतं, आणि तो गेला आहे या वाक्याशी थांबावं लागत नाही. म्हणजे ती सतत दुःखात असते, पण दुःखाच्या गाभ्यापाशी क्वचितच जाते. म्हणूनच अशा वेळी काळ हे औषध ठरत नाही. रोजच्या टाळण्याने काळ तिच्या विरुद्ध काम करत असतो.

‘तू रडलीस तर त्याच्या आत्म्याला शांती मिळणार नाही’ असं सांगणारेही भेटतात. याला कसलाही आधार नाही. उलट आधीच अपराधी वाटणाऱ्या माणसावर आणखी एक आरोप ठेवला जातो आणि टाळण्याला पुण्याचं रूप मिळतं.

कोलंबिया विद्यापीठाच्या कॅथरीन शिअर यांनी या अडकण्यावरच उपचार बेतला. साधारण सोळा भेटींचा. त्यात माणूस डोळे मिटून, समुपदेशकाच्या सोबतीने, मृत्यूची बातमी कळली त्या क्षणाची गोष्ट सांगतो. ती रेकॉर्ड होते आणि तो ती घरी पुन्हा ऐकतो. टाळलेल्या जागांकडे बेताबेताने जातो. गेलेल्या माणसाच्या चांगल्या आणि त्रासदायक, दोन्ही आठवणी बोलल्या जातात. जवळच्या एखाद्या व्यक्तीला सुरुवातीच्या एका भेटीत बोलावतात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने 51 टक्के लोकांत लक्षणीय सुधारणा दिसली, तर नात्यांवर भर देणाऱ्या दुसऱ्या एका मान्य उपचाराने 28 टक्क्यांत. म्हणजे सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण शोकासाठीच घडवलेल्या उपचाराने फरक पडतो.

आता सुचवायचं कसं, ते यातूनच निघतं. शोकाकुल माणसाची मोठी भीती अशी असते की दुःख कमी झालं तर प्रेम कमी झालं. ‘यातून बाहेर पड’ याचा अर्थ तिला ‘त्याला विसर’ असाच ऐकू येतो. ‘तुला मदतीची गरज आहे’ म्हटलं की तिचं प्रेमच आजार ठरतं. म्हणून भावाचं नाव घेऊन सुरुवात करा, आणि तुम्ही जे पाहिलंय तेवढंच बोला. एकांतात, घाई नसताना, असं काहीसं: “दादू गेल्यापासून तू तो रस्ता टाळतेस, हे मला दिसतं. त्याच्याबद्दल बोलायला लागलीस की मध्येच थांबतेस. मला वाटतं, हे सगळं तू एकटीच उचलून धरलं आहेस.” मग थांबा. तिला बोलू द्या, रडू द्या.

ती बोलल्यावरच पुढचं: “शोकावर काम करणारे समुपदेशक असतात. तिथे त्याला विसरायला सांगत नाहीत, त्याच्याबद्दलच बोलतात. एकदा भेटून बघशील का? नाव मी शोधते, पहिल्या दिवशी सोबत येते.” समुपदेशक निवडताना ‘तुम्ही दीर्घकालीन शोकावर काम केलं आहे का आणि कसं?’ हे जरूर विचारा. नुसतं ऐकून घेणारा माणूस चांगला असला, तरी टाळण्याची ही साखळी तुटायला तेवढं पुरेलच असं नाही.

ती चिडेल. “म्हणजे मी वेडी झालेय का?” असं विचारेल. तेव्हा आकडे आणि निकष ऐकवू नका. “नाही गं. तुझं दुःख मला समजतं असंही मी म्हणणार नाही. तू एकटी पडू नयेस एवढंच वाटतं” असं म्हणा आणि विषय सोडा. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारता येतं. दरम्यान तिच्यासोबत त्याच्या आठवणी काढत राहा.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नका. ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ असं ती म्हणाली, तर सरळ विचारा: “जीव देण्याचा विचार मनात येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन जा.