कलेतिहासाचा लेख चिनी भाषेत नेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कलाविषयक लेख चिनीत अनुवादित करून हवा असला की ग्राहक पहिल्यांदा विचारतात, किती दिवस लागतील. आम्ही मात्र आधी लेख वाचायला मागतो. अशा लेखात दोन प्रकारचा मजकूर एकमेकांत विणलेला असतो. दगड, रंग, गिलावा, राजवट यांची नावे एकीकडे, आणि चित्राकडे पाहून लेखकाने केलेले विवेचन दुसरीकडे. पहिल्यात अचूकपणा हवा, दुसऱ्यात लेखकाचा आवाज टिकायला हवा. अजिंठ्यावरील लेखाचे उदाहरण घेऊन आमची पद्धत सांगतो.

आधी साहित्याची नावे

अजिंठ्याच्या चित्रांना इंग्रजी लेखनात सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात. चिनीत त्याला ‘शीबीह्वा’, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचे भित्तिचित्र, असा नेमका शब्द आहे, आणि तो वाचताच चिनी अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर इटलीतले तंत्र उभे राहते. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो सुकल्यावर रंग चढवले आहेत. म्हणून लेखात ‘फ्रेस्को’ असेल तर आम्ही परस्पर बदल करत नाही, लेखकाला विचारतो. बहुतेकांना नुसते ‘भित्तिचित्र’ अभिप्रेत असते. मग ‘बीह्वा’ हा साधा शब्द पुरतो.

रंगांच्या बाबतीत जास्त जपावे लागते. चिनी चित्रकलेत निळ्या खनिज रंगासाठी ‘शीछिंग’ हा जुना, घरचा शब्द आहे, आणि अनुवादकाचा हात सहज तिकडे वळतो. पण शीछिंग म्हणजे तांब्याच्या खनिजापासून केलेला निळा. अजिंठ्यातला निळा लाजवर्दाचा आहे. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून येई, चिनीत त्याला ‘छिंगजिनशी’ म्हणतात. शब्द चुकला तर व्यापारी मार्गांविषयी लेखकाने केलेला सगळा युक्तिवाद कोलमडतो. हिरव्याचेही तसेच. ‘शील्यू’ हाही तांब्याच्या खनिजाचा हिरवा रंग आहे, तर अजिंठ्यात हिरवी माती वापरलेली आहे.

कालखंड कोणता म्हणायचा

चिनी वाचकाला पाचव्या शतकातली भारतीय कला ‘गुप्त शैली’ या नावाने ओळखीची आहे. पण अजिंठ्याची नंतरच्या टप्प्यातली लेणी वाकाटकांच्या, मुख्यतः राजा हरिषेणाच्या काळातली. लेखक ‘वाकाटक’ म्हणत असेल तर त्याच्यामागे बहुधा भूमिका असते, की ही कला गुप्तांची प्रांतिक शाखा नव्हे. अशा ठिकाणी वाचकाच्या सोयीसाठी ‘गुप्त’ लिहिणे म्हणजे लेखकाचे म्हणणेच पुसणे. ‘वाकाटक’ या नावाची चिनी लिप्यंतरे वेगवेगळी आढळतात. त्यातले एक आम्ही ठरवतो, लेखभर तेच ठेवतो आणि पहिल्या उल्लेखाशी रोमन लिपीतले नाव जोडतो. हाच काळ चीनमध्ये उत्तर वेई राजवटीचा, युनकांगच्या लेण्यांचा. लेखकाची परवानगी असेल तर तशी तळटीप देतो. मजकुरात घुसवत नाही.

ह्युएन त्संगचे अवतरण असेल तर ते चिनीत पुन्हा अनुवादित करायचे नाही. त्याच्या प्रवासवर्णनातले मूळ वाक्य शोधून जसेच्या तसे घालायचे.

विवेचनाचे वाक्य

आता एक नमुना वाक्य पाहा: ‘पद्मपाणीच्या झुकलेल्या नजरेत करुणा आहे की थकवा, हे चित्रकाराने मोकळे ठेवले असावे.’ ‘करुणा’साठी बौद्ध चिनीतला रूढ शब्द ‘त्सबेइ’. पण तो बोधिसत्त्वाचा ठरलेलाच गुण सांगतो. तो आला की लेखकाचा प्रश्न संपतो, थकव्याला जागाच उरत नाही. ‘बेइमिन’ या शब्दात चेहऱ्यावर दिसणारी, दुःख जाणणारी कणव आहे, म्हणून इथे आम्ही तो घेऊ. आणि ‘असावे’ यातला संशय ‘ह्वोश्यू’, म्हणजे ‘कदाचित’, लिहून राखू. हा शब्द गळला की लेखकाचा अंदाज ठाम विधान होऊन बसतो. आमच्या तपासणीत सगळ्यात जास्त वेळ अशा शब्दांवर जातो.

चिनीत चार अक्षरांचे तयार वाक्प्रचार पुष्कळ आहेत. ‘हुबेहूब, जिवंत वाटणारे’ या अर्थाचा वाक्प्रचार कलालेखनात पावलोपावली भेटतो. कानाला तो गोड लागतो. पण लेखकाने भुवईच्या एका वळणाबद्दल लिहिले असेल, तर ते वळण चिनी वाक्यातही दिसलेच पाहिजे.

आम्हाला काय पाठवावे

लेखाबरोबर सर्व चित्रे आणि त्यांच्या तळओळी पाठवा, कारण ‘उजवीकडची आकृती’ चित्राशिवाय कळत नाही. वाचक चीनमधले असतील तर सोपी केलेली लिपी, तैवान किंवा हाँगकाँगचे असतील तर पारंपरिक लिपी लागते. हे सुरुवातीलाच सांगा. आम्ही प्रथम साहित्य, कालखंड आणि विशेषनामांची यादी करून पाठवतो. तुम्ही ती मान्य केल्यावरच अनुवाद सुरू होतो. शेवटी चिनी मातृभाषा असलेले वाचक मूळ लेख न पाहता फक्त अनुवाद वाचतात आणि जिथे अडखळतात तिथे खूण करतात. त्या खुणांवरचे आमचे प्रश्न तुमच्याकडे येतील. त्यांची उत्तरे लेखकाकडूनच मिळवून द्यावीत, ही विनंती.